१०० वर्षे हा आकडा मनाला येईल तसा नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

बँकांच्या पर्पेच्युअल, म्हणजे मुद्दल परत करण्याची मुदत नसलेल्या आणि कायम व्याज देणाऱ्या बाँडचा विषय निघाला की ‘ज्याला मुदतच नाही, त्याला १०० वर्षे कुठून आली?’ असा प्रश्न अजूनही ऐकू येतो. ‘सेबी’ने १० मार्च २०२१ रोजी म्युच्युअल फंडांना हे बाँड १०० वर्षे मुदतीचे धरून मूल्य काढायला सांगितले, तेव्हापासूनचा हा प्रश्न. त्यामागचे गणित कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

८ टक्के दराने १०० रुपये ठेवले आणि दर वर्षी फक्त ८ रुपये व्याज उचलले, तर मुद्दल तसेच राहते आणि ८ रुपये कधीच थांबत नाहीत. म्हणजे कायम मिळणाऱ्या ८ रुपयांचे आजचे मूल्य १०० रुपये. हेच ८ रुपये दहाच वर्षे हवे असतील, तर दहा वर्षांनी मागे उरणारे १०० रुपये आपले नाहीत. त्या रकमेची आजची किंमत ४६ रुपये ३२ पैसे. ती वजा केली की ५३ रुपये ६८ पैसे राहतात. २५ वर्षांसाठी हाच आकडा ८५.४० होतो, ५० वर्षांसाठी ९७.८७ आणि १०० वर्षांसाठी ९९.९५. मुदत एका वर्षाने वाढली की वजावट १.०८ ने भागली जाते, म्हणून शंभर वर्षांना ती जेमतेम साडेचार पैसे उरते. मुदत कितीही वाढवा, मूल्य १०० ओलांडत नाही, पण हवे तितके त्याच्या जवळ जाते. गणितात यालाच सीमा म्हणतात.

हे दरावर अवलंबून आहे, हे मात्र विसरू नये. दर २ टक्के असता, तर दर वर्षीच्या २ रुपयांसाठी शंभर वर्षांनंतरही १३ रुपये ८० पैशांची तूट राहिली असती. तिथे १०० वर्षांना ‘कायम’ म्हणणे चूकच ठरले असते.

खरा वाद १०० आणि अनंत यांच्यात नव्हताच, तो १० आणि १०० यांच्यात होता. कारण मुदत नसली तरी ठरावीक तारखेला, समजा दहा वर्षांनी, मुद्दल परत करण्याचा पर्याय बँकेकडे असतो. ८ रुपये व्याजाच्या बाँडवर बाजार ९ टक्के मागू लागला, तर कायमचा बाँड ८८.८९ रुपयांवर येतो. दहा वर्षांनी बँक मुद्दल परत करील असे धरले, तर तोच ९३.५८ ला राहतो. या तफावतीनेच फंड धास्तावले. सेबीने २२ मार्चला हा बदल टप्प्याटप्प्याने करायचे ठरवले आणि २०२४ मध्ये मूल्यांकनासाठी बँकेच्या परतफेडीच्या पर्यायाची तारीख धरण्यास मान्यता दिली. मला ते योग्य वाटते, कारण बाजारही त्याच तारखेकडे पाहून भाव ठरवतो.

वरचा सगळा हिशेब दर वर्षीचे व्याज येणारच, असे धरून केलेला आहे. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे सुमारे ८,४०० कोटी रुपयांचे असे बाँड शून्यावर आणले गेले आणि ‘कायम’ तिथेच संपले. ही जोखीम मुदतीच्या आकड्यात दिसत नाही. ती दरातच धरावी लागते आणि दर एक टक्का वाढवला की काय होते, ते वर दिसतेच आहे.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, पुणे