वासूला पत्र: ऑइलातली सोनेरी चमक

डिचोली, रविवार रात्र

प्रिय वासू,

चार महिने पत्र नाही, शिव्या घाल. तब्येत ठीक, आईचा गुडघा आहे तसाच. बसलोय पिकअपपायी, आणि हे घरात कुणाला सांगून उपयोग नाही.

सकाळी इंजिन गरम असतानाच ऑइल काढलं. काळंकुट्ट. त्याचं काही नाही; डिझेल इंजिनात काजळीने ऑइल लगेच काळं होतंच. (म्हापशाच्या स्टँडवर यावरूनच भांडलो होतो. तू बरोबर होतास, घे, लिहून देतो.) पण टबावर ऊन पडलं आणि काळ्यात सोनेरी चमक फिरताना दिसली. पोटात गोळाच आला.

थोडं ऑइल पांढऱ्या ताटलीत घेऊन खालून तुझा तो स्पीकरचा लोहचुंबक फिरवला. करडी, पिठासारखी भुकटी मागोमाग सरकली. ती लोखंडाची, तेवढी झीज चालते. सोनेरी कण मात्र जागचे हलले नाहीत. मग फिल्टर उघडला. हॅकसॉने नव्हे, त्याचाच कीस आत पडतो आणि माणूस उगाच घाबरतो. छिन्नीने कडेकडेने फोडला. कागदाच्या घड्या पिळून उन्हात धरल्या, तर प्रत्येक घडीत तांबूस कोंडा. म्हणजे बेअरिंगचा वरचा मऊ करडा थर संपून खालचं तांबं उघडं पडलं असणार. कनेक्टिंग रॉडच्या वरच्या टोकाची बुशही तांब्याचीच, त्यामुळे नेमकं कुठलं ते ऑइल सांगत नाही.

खरी गंमत पुढे. दोन महिने डिपस्टिकवर ऑइल उतरत नव्हतं, उलट केसभर चढत होतं. मी चोर्ला घाट चढताना सगळ्यांना ऐकवत होतो, "आमचं इंजिन ऑइल पीत नाही!" आज बोटांवर चोळलं तर पाण्यासारखं पातळ, आणि वास डिझेलचा. इंजेक्टर गळत होता रे. डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलात उतरत होतं. ऑइल पातळ झालं की बेअरिंगवरचा पदर टिकत नाही, धातूला धातू घासतो. इंजिन पीत नव्हतं, गाळत होतं. हस.

मिस्त्री म्हणाला, नवं ऑइल घालून पाचशे किलोमीटर चालव, मग बघू. मी नाही म्हटलं. तुझ्या राजदूतचं काय झालं ते मला आठवतं, तुला आठवत नसेल. संध्याकाळी चेंबर उतरवून एकेका रॉडची कॅप काढली. दुसऱ्या सिलिंडरचं वरचं शेल मधोमध तांबडं, बाकीची करडी. स्फोटाचा दाब वरच्या अर्ध्यावर येतो ना. क्रँकवरून नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. तेवढंच नशीब. तरी मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय नवी शेल घालणार नाही, आणि आधी इंजेक्टर तपासून घेतो.

आता सांग, चारही जोड्या बदलू की एकच? मिस्त्री एक म्हणतो, माझं मन चार.

तुझ्या बदलीचं काय झालं? सुमीची दहावी ना यंदा? चवथीला ये, आणि तुझा लोहचुंबक परत मागू नकोस.

तुझा,
दत्ता