बिलातली शेवटची तारीख कुठे आहे? शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शिक्षणमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

दिवसभर काम करून संध्याकाळी वर्गाला येणाऱ्या बायकांना मी लिहायला-वाचायला शिकवते. माझी मागणी एकच आहे. प्रौढ साक्षरतेचा धडा बायकांच्या हातात रोज पडणाऱ्या कागदांवरून बांधला जावा आणि परीक्षाही त्याच कागदांवर व्हावी.

नेहमीची पुस्तिका काना-मात्रा नसलेल्या शब्दांपासून सुरू होते. मग काना, वेलांटी, उकार, मात्रा येतात आणि जोडाक्षरं अगदी शेवटी. शाळेतल्या मुलाला हा क्रम चालतो, कारण ते रोज येतं. आमच्याकडे आज एकीची पाळी बदललेली असते, उद्या दुसरीचं मूल तापानं फणफणलेलं असतं. वेलांटीचा धडा जिचा बुडाला, तिला पुढचे सगळे जड जातात आणि दोन आठवड्यांत ती यायची थांबते. शिवाय ज्या कागदासाठी ती वर्गाला येते, त्या वीजबिलाच्या वरच्याच भागात 'ग्राहक क्रमांक' असं लिहिलेलं असतं. पुस्तिकेच्या क्रमानं तिथं पोचायला कित्येक महिने लागतील.

म्हणून आम्ही एका बैठकीत एकच कागद घेतो आणि सव्वा तासात तो संपवतो. मागचा धडा बुडाला असला तरी आजचा कळला पाहिजे. वीजबिलाचा धडा कसा चालतो, ते सांगते.

बिल कोणाच्या घरचं आणायचं नाही, हा पहिला नियम. त्यावर थकबाकी छापलेली असते आणि ती शेजारणीनं पाहिलेली कोणालाच आवडत नाही. मी एक नमुना बिल करते. मांडणी खऱ्या बिलाची, नाव आणि आकडे बनवलेले. त्याची एक मोठी प्रत भिंतीवर आणि मूळ आकाराची एकेक प्रत प्रत्येकीच्या हातात. दोन्ही आकार मुद्दाम ठेवते. भिंतीवरचं जी वाचते आणि हातातलं लांब धरून डोळे बारीक करते, तिची अडचण अक्षरांची नाही, चष्म्याची आहे. चाळिशी ओलांडलेल्या किती बायका अशाच 'मंद' ठरवल्या गेल्या असतील, कोण जाणे.

सुरुवातीला वाचायला सांगत नाही. विचारते, "ताई, हा कागद कशाचा?" बहुतेकींना रंगावरून, बोधचिन्हावरून ओळखता येतं. मग विचारते, "यातलं काय कळलं तर तुमचं काम होईल?" उत्तरं तीनच येतात: किती भरायचे, कधीपर्यंत भरायचे आणि एवढे का आले. धडा या तीन प्रश्नांवरच उभा राहतो.

बिल गोष्टीसारखं वरून खाली वाचायचं नसतं, त्यात शोधायचं असतं. हे कौशल्य वेगळं आहे. अमेरिकेत 1992 मध्ये प्रौढांच्या साक्षरतेची पाहणी झाली, तेव्हा सलग मजकूर वाचणं, तक्ते-अर्ज वाचणं आणि छापील आकड्यांवरून हिशेब करणं या तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या होत्या. आपल्या पुस्तिकांत पहिलीच गोष्ट भरपूर असते.

तर शोधायचे शब्द चारच: दिनांक, मुदत, युनिट, एकूण. प्रत्येक शब्द आधी अख्खा ओळखायचा, बिलात बोट ठेवून दाखवायचा आणि मगच फोडायचा. 'दिनांक'मधला 'दि' सुटा केला की दा, दि, दी, दु अशी बाराखडीतली त्याची भावंडं फळ्यावर येतात आणि त्यांतून 'दुकान', 'दार' असे शब्द बायका स्वतः जुळवतात. ही रीत जुनी आहे. ब्राझीलमधल्या आंजिकोस या गावी 1963 साली पाउलो फ्रेरे यांच्या गटानं सुमारे 300 कामकरी माणसांना 40 तासांच्या वर्गांत असंच जगण्यातल्या शब्दांवरून वाचायला शिकवलं. (40 हा आकडा पाहून कृपया योजनेची मुदत ठरवू नका. तेवढ्यात वाचनाची सुरुवात होते, सराव पुढं बराच काळ लागतो.)

मग हिशेब. मागचं रीडिंग 4386, चालू रीडिंग 4472. वजाबाकी उभी मांडायला लावली की हातचा घेताना निम्म्या जणी अडकतात. पण तोंडी विचारलं तर त्या चढत्या जातात: 4386 पासून 4400 पर्यंत 14, पुढे 72, म्हणजे 86. बिलावर युनिटही 86 आहेत, म्हणजे जुळलं. ही रीत पूर्ण बरोबर आहे आणि ती मोडून शाळेची वजाबाकी लादण्याचं काही कारण नाही. शेवटी मीटरवरचा आकडा बिलातल्या चालू रीडिंगपेक्षा कमी दिसला तर चौकशी करायची, एवढं सांगते.

चूक कुठे होते, तेही ठरलेलं आहे. बिलाची तारीख आणि भरायची शेवटची तारीख यांची गल्लत होते. दुसरी चूक लवकर लक्षात येत नाही. बाई शेवटची तारीख धडाधड दाखवते, पण तिनं शब्द वाचलेला नसतो, जागा पाठ केलेली असते. म्हणून अखेरची दहा मिनिटं मी दुसरं बिल देते. शब्द तेच, मांडणी वेगळी. बोट जुन्याच कोपऱ्यात गेलं तर धडा झालेला नाही. बोट फिरत फिरत 'मुदत' शब्दापाशी थांबलं तर झाला.

औषधाच्या वेष्टनावर वेगळाच घोळ असतो. मुदत 08/2026 अशी छापलेली असते आणि बायका 08 ही तारीख समजतात. तिथं पहिला आकडा महिन्याचा, दुसरा वर्षाचा आणि औषध त्या महिन्याच्या अखेरपर्यंत चालतं, एवढंच शिकवायचं.

नोटिशीसाठी मात्र आमचा एक खास नियम आहे: शेवटचा शब्द आधी वाचा. मराठी वाक्यात निकाल शेवटी असतो. 'रविवारी कामाला सुट्टी राहील' आणि 'रविवारी कामाला सुट्टी राहणार नाही' यांची सुरुवात एकच आहे. जी सुरुवातीवरून अंदाज बांधते, ती नेमकी फसते.

सर्वांत जास्त मागणी असते ती पगाराच्या चिठ्ठीला. हजेरीचे दिवस, जादा तास, कपात. पण वर्ग कामाच्या जागी भरला आणि मुकादम दारात उभा असला तर ती चिठ्ठी कोणी काढत नाही. वर्ग कामाच्या ठिकाणी घेण्याची कल्पना चांगली आहे, बायकांचा जाण्यायेण्याचा वेळ वाचतो. फक्त तासाच्या वेळी मालकाचं माणूस खोलीत नको, हे आदेशात स्पष्ट लिहा.

आता आपल्याकडून काय हवं, ते. वीज, पाणी, बँक आणि आरोग्य या खात्यांकडून नाव-आकडे बदललेले नमुना कागद दर वर्षी मागवून केंद्रांना द्यावेत, कारण मांडणी बदलते आणि आम्ही जुन्याच बिलावर शिकवत बसतो. परीक्षेत उताऱ्यासोबत एक न पाहिलेलं बिल आणि एक नोटीस द्यावी आणि 'शेवटची तारीख कोणती?' असं विचारावं. उत्तर बोट ठेवून दिलं तरी गुण मिळावेत. वर्ग सुरू होण्याआधी जवळच्या नजरेची तपासणी व्हावी. आणि हजेरीच्या टक्क्यांवरून कोणाचं नाव कापलं जाऊ नये, कारण धडे सुटे असले तर महिनाभरानं परतलेली बाईही पहिल्या बैठकीपासून बरोबरीनं बसू शकते.

नमुना बिल, त्याची बदललेल्या मांडणीची जोडी आणि सव्वा तासाचं टाचण आपल्या कार्यालयाला पाठवत आहे.

आपली,
प्रौढ साक्षरता वर्गाची एक शिक्षिका