गाल, हात आणि बोलणं एकदम बिघडलं तर मानेवर ढकलू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पुरवणीत हाताला मुंग्या येणं, बधिरपणा यावर लेख आला होता. बी१२ कमी असणं, मानेची नस दबणं, जुनी शुगर, सगळं बरोबर लिहिलंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण एक गोष्ट त्यात राहून गेली आणि मी कॅज्युअल्टीत नर्स असल्याने ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. बधिरपणा अचानक आला, एकाच बाजूच्या चेहऱ्याला आणि हाताला आला, आणि सोबत जीभ जड होऊन बोलणं अडखळलं, तर तिथे बी१२ चा विचारच करायचा नाही, आधी स्ट्रोक धरून चालायचं.

आमच्याकडे आलेल्या एका गृहस्थांचं सांगते. वय साठीच्या जवळपास, बीपीची गोळी चालू. संध्याकाळी फोनवर बोलताना उजव्या हातातून फोन निसटला, उचलायला गेले तर बोटांना नीट लागेचना, उजवा गाल दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर होतो तसा झालेला. मुलीला हाक मारली तर शब्द एकमेकांत मिसळलेले. घरच्यांना वाटलं मान अवघडली असेल, हात चोळून दिला, जरा पडा म्हणाले. त्यात ते स्वतःच्या पायाने चालत बाथरूमला जाऊन आले, म्हणजे लकवा नाहीच, लकवा असता तर पाय उचलला असता का, असं सगळ्यांचं ठरलं आणि यातच तास गेला.

आता मानेची नस दबली तर हात बधिर होतो, खरंय. पण गालाची संवेदना मानेतल्या त्या नसेतून जातच नाही, ती थेट मेंदूकडून येणाऱ्या वेगळ्या नसेची आहे. हात अंगाखाली दबला तर फक्त हातच झोपतो, जीभ कशी झोपेल? निव्वळ चेहऱ्याची नस सुजून तोंड वाकडं होतं तेव्हा सहसा त्या बाजूचं कपाळही हलत नाही, डोळा नीट मिटत नाही, पण हाताला काहीच होत नाही. मग गाल, हात आणि बोलणं तिन्ही एकदम बिघडलं तर या तिन्हींच्या वायरी जिथे जवळजवळ आहेत अशी जागा शोधावी लागते आणि ती मेंदूत आहे. मेंदूच्या बाहेरच्या बाजूला चेहऱ्याचा आणि हाताचा भाग एकमेकांना लागून असतो, बोलण्याचाही तिथेच जवळ, आणि या पट्ट्याला रक्त पुरवणारी मुख्य रक्तवाहिनी एकच. ती किंवा तिची फांदी गुठळीने बंद झाली की तिन्ही एकत्र जातात. पायाचा भाग मात्र आतल्या बाजूला, वर असतो, त्याला रक्त दुसऱ्या रक्तवाहिनीतून येतं, म्हणून ते गृहस्थ चालू शकले. चालता येतंय म्हणून स्ट्रोक नाही हे अजिबात धरू नका, हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू सांभाळते, त्यामुळे त्यांचा दोष डावीकडे असणार हे डॉक्टरांना स्कॅनच्या आधीच वाटलं होतं.

दुसरी खूण म्हणजे "अचानक". रक्त थांबलं की मेंदूचा तो भाग काही सेकंदातच काम सोडतो, म्हणून माणूस सांगतो की आत्ता बरा होतो आणि आत्ता झालं. मायग्रेनमध्येही बधिरपणा येतो पण तो बहुतेक वेळा बोटांपासून गालापर्यंत हळूहळू, पाच-दहा-वीस मिनिटं घेत सरकतो. शुगर खूप खाली गेली तर हुबेहूब स्ट्रोकसारखं दिसू शकतं, म्हणून दारातच बोटाला टोचून शुगर बघतात, त्यांची ११८ होती. फिट येऊन गेल्यावरही हात काही वेळ लुळा पडतो. म्हणजे प्रत्येक वेळी स्ट्रोकच निघेल असं नाही, पण हे वेगळं करणं घरी बसून जमत नाही, दवाखान्यातच होतं.

घरी बघायचं तेवढं एका मिनिटात होतं. हसायला सांगा, ओठाचा एक कोपरा मागे राहतो का. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा, तळवे वर, एक हात हळूहळू खाली येतो का. रोजचंच एखादं वाक्य म्हणायला लावा. तिन्हीतलं एक जरी नव्याने बिघडलेलं असेल तरी लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा, आणि शक्यतो जिथे सीटी स्कॅन रात्रीही होतो तिथेच न्या, नाहीतर आधी जवळचा छोटा दवाखाना, मग दुसरा, यातच वेळ संपतो.

ॲस्पिरीन मात्र घरी देऊ नका. हार्ट अटॅकचं ऐकून लोक तीच गोळी इथेही देतात, पण स्ट्रोक गुठळीने झालाय की मेंदूत रक्तस्राव होऊन, हे बाहेरून कळत नाही, स्कॅनमध्येच कळतं, आणि रक्तस्राव असेल तर ती गोळी घातक. पाणीसुद्धा नको, कारण जीभ जड म्हणजे गिळणंही बिघडलेलं असू शकतं आणि पाणी श्वासनलिकेत जातं. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून जास्तीची गोळी देऊन उतरवू नका, अर्धवट रक्त मिळत असलेल्या भागाचं तेवढंही रक्त कमी होईल, त्याचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.

त्या गृहस्थांच्या स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. इथे एक सांगते, सुरुवातीच्या तासांत गुठळीच्या स्ट्रोकमध्ये सीटी साधा नॉर्मलही दिसू शकतो, म्हणून "रिपोर्ट नॉर्मल आला, घरी जाऊ" असं नातेवाइकांनी म्हणू नये. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि हे तास दवाखान्यात पोचल्यापासून नाही, माणूस शेवटचा ठीक कधी होता तिथपासून मोजतात. त्यांच्या फोनमध्ये कॉलची वेळ होती, ६:३२, तेव्हा ते स्वच्छ बोलत होते असं समोरच्या माणसानेही सांगितलं. आमच्याकडे आले साडेआठला, इंजेक्शन मिळालं, दुसऱ्या दिवशी बोलणं बरंच सुधारलं, बोटांचा बधिरपणा मात्र पुढे बरेच दिवस राहिला. सगळ्यांनाच इतका फायदा होतो असं नाही. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर तारेने गुठळी ओढून काढतात, ते काही पेशंटमध्ये २४ तासांपर्यंतही करता येतं, पण लवकर तितकं चांगलं.

आणि दहा मिनिटांत सगळं आपोआप बरं झालं तरी दवाखाना टाळू नका. गुठळी आपणहून सरकलेली असते, ती जिथून आली ते कारण तसंच असतं, आणि मोठा स्ट्रोक येण्याचा धोका पुढच्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो. झोपेतून उठल्यावरच हे दिसलं तर उठल्याची वेळ सांगू नका, रात्री शेवटचं नीट बोलताना कुणी कधी पाहिलं ती सांगा. सोबत रोजच्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर शेवटची कधी घेतली ते, कारण इंजेक्शन देता येईल की नाही हे त्यावरही ठरतं.

आपली नियमित वाचक,
एक परिचारिका