म्हशींचं कर्ज आणि गळ्यात पडलेली पॉलिसी

मा. संपादक,
स.न.

पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावी माझा पुतण्या कोरडवाहू कपाशी करतो. जोडधंदा म्हणून त्यानं दोन म्हशींसाठी एका बँकेकडे २ लाख ४० हजारांचं कर्ज मागितलं. कर्ज मंजूर झालं, पण सही करायच्या दिवशी साहेबांनी आणखी एक फॉर्म पुढे सरकवला. वर्षाला २४ हजार हप्ता, असा बारा वर्षं भरायचा, जीवन विमा. "हे केल्याशिवाय फाइल पुढे जात नाही," एवढंच सांगितलं. पहिला हप्ता कर्जातूनच कापला गेला. हातात २ लाख १६ हजार आले आणि दुसऱ्या म्हशीसाठी कमी पडलेले २४ हजार त्यानं मेव्हण्याकडून उसने आणले. व्याज मात्र पूर्ण २ लाख ४० हजारांवर लागतं आहे. दर अकरा टक्के, म्हणजे न मागितलेल्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी सुमारे २,६४० रुपये नुसतं व्याज!

म्हशींचा विमा उतरवायला बँकेनं सांगितलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. जनावराच्या कानात बिल्ला मारून उतरवलेला तो विमा समजण्यासारखा आहे, कारण म्हैस मेली तर कर्ज बुडतं. पण या जीवन विम्याचा कर्जाशी काय संबंध? कर्जदार गेला तर रक्कम वारसाला मिळणार, बँकेच्या खात्यात आपोआप जाणार नाही. शिवाय याच बँकेतल्या त्याच्या बचत खात्यातून दरवर्षी ४३६ रुपये पंतप्रधान जीवन ज्योती विम्याला जातात, त्याचं संरक्षण २ लाखांचं. नव्या पॉलिसीत २४ हजार भरून संरक्षण मिळालं २ लाख ४० हजारांचं.

रिझर्व्ह बँकेचा नियम यावर स्पष्ट आहे. बँकेच्या ग्राहकानं विमा घेणं पूर्णपणे ऐच्छिक असतं आणि बँकेची सेवा व विमा यांची सांगड प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे घालता येत नाही. म्हणूनच फॉर्मवर बारीक इंग्रजीत 'मी स्वेच्छेने घेत आहे' असं छापलेलं असतं आणि त्याखाली सही घेतली जाते. नंतर विमा कंपनीचा पडताळणीचा फोन येतो. पुतण्याला तो बँकेतच, साहेबांच्या टेबलासमोर आला. "सगळ्याला हो म्हणा," असं हळूच सांगितलं गेलं आणि तो हो म्हणत गेला.

दिवाळीला पासबुक माझ्या हातात आलं तेव्हा हे कळलं. "काका, आते काय करानं?" त्यानं विचारलं. पॉलिसी नको असेल तर ती हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. विमा कंपनी तेवढ्या दिवसांच्या संरक्षणाचा खर्च, मुद्रांक आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च कापून बाकी रक्कम देते. पण आमच्याकडे कागदच आला नव्हता. कंपनीला लेखी विचारल्यावर पॉलिसीची प्रत आली, सोबत मूळ अर्जाची झेरॉक्स. ती वाचून मी थक्क झालो. वार्षिक उत्पन्न सहा लाख, व्यवसाय 'व्यापार', आणि पॉलिसी पाठवायचा ई-मेल पत्ता असा, जो आमच्या घरात कुणी पाहिलेलाही नाही. पुतण्याचा ई-मेलच नाही! कागद परक्याच्या पत्त्यावर गेला की ३० दिवस गुपचूप संपतात. सही घेतानाची सक्ती सिद्ध करणं अवघड असतं, हा पत्ता मात्र छापील आहे. ज्यांना अशी पॉलिसी चिकटवली आहे त्यांनी आधी अर्जाची प्रत मागावी.

प्रत हातात आली त्याच दिवसापासून मुदत मोजावी, असं लिहून आम्ही पॉलिसी परत केली. शाखेला वेगळं पत्र देऊन पोच घेतली आणि पुढच्या हप्त्याची खात्यातून होणारी कपात लेखी बंद केली. शाखेचं उत्तर एका ओळीचं होतं: ग्राहकाने स्वेच्छेने विमा घेतला आहे. बँकेच्या उत्तरानं समाधान झालं नाही किंवा ३० दिवसांत उत्तरच आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. ती आम्ही केली आहे, निकाल यायचा आहे.

शाखेतल्या तरुण साहेबांवर विम्याचं टार्गेट असतं, हे मला कळतं. त्यांच्यावर व्यक्तिशः राग नाही. पण ते टार्गेट कोरडवाहू शेतकऱ्याच्या कर्जातून पूर्ण होत असेल, तर ते तपासणं कठीण नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची जिल्हास्तरीय बैठक होते, तिथे फक्त दोन तारखा मागवाव्यात: कर्ज वाटल्याची आणि त्याच ग्राहकाची पॉलिसी निघाल्याची. एकाच आठवड्यात पडणाऱ्या अशा जोड्या किती, ते शाखावार जाहीर व्हावं, एवढी आपल्या दैनिकामार्फत विनंती.

आपला,
एक वाचक
ता. पारोळा, जि. जळगाव