सातवी गणित प्रकल्प : शाळेची बाग

खानापूर भागातल्या सर्व गणित शिक्षकांना नमस्कार. शनिवारी मुलांना दोरी आणि खुंट्या घेऊन मैदानावर न्या.

कुंपणाची जाळी २४ मीटर धरा. १० बाय २ मीटरची जागा आखली तर क्षेत्रफळ २० चौरस मीटर, ६ बाय ६ ची आखली तर ३६. परिमिती तीच! हे आधी सांगू नका, मुलांनाच सापडू द्या. चौरसात मधल्या रोपांपर्यंत हात पोचत नाही, म्हणून मधून १ मीटरची वाट सोडायची. लावणीला ३० उरतात.

खर्चात मुलं हमखास चुकतात. जाळी ६० रुपये मीटर धरली तर १,४४० होतात; २,००० पैकी ५६० शेणखत-बियाण्यांना. वहीत २,१६० दिसले की समजा, क्षेत्रफळाने गुणलंय.