सोडुनी हे दार मी जाऊ कुठे

मिरज

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतची कव्वाली मिळाली. साताऱ्याच्या तुमच्या भजनी मंडळाने कव्वाली बसवायचं ठरवलंय हे वाचून फार आनंद झाला. माझं मत तू स्पष्ट मागितलंस, म्हणून स्पष्टच लिहितो. कडवी चांगली आहेत. अडचण आहे ती टेकेच्या ओळीत, आणि कव्वालीत सगळा डोलारा त्या एकाच ओळीवर उभा असतो.

'चरणी तुझ्या सर्वस्व अर्पिले भगवंता' ही तुझी ओळ वाचायला सुंदर आहे. पण ती पहिल्यांदा म्हटली की तिथेच पुरी होते. सर्वस्व वाहून झालं, आता दुसऱ्यांदा काय वाहायचं? शिवाय लय दुप्पट झाली की 'सर्वस्व अर्पिले' म्हणताना साथीदारांची जीभ अडखळणार. एकाची अडखळली की टाळी सैल पडते, आणि सैल पडलेली टाळी त्या बैठकीत पुन्हा घट्ट होत नाही.

आपण अभंग म्हणतो तेव्हा प्रत्येक चरणानंतर ध्रुपद जसंच्या तसं परत येतं. टाळकरी ते उचलून धरतात आणि बुवा पुढच्या चरणाकडे जातात. कव्वालीची टेक तशी अख्खी राहत नाही. ती आधी पूर्ण येते, मग अर्धी, मग दोन शब्द, शेवटी एकच शब्द. म्हणून ओळ निवडताना मी तिचे तुकडे करून बघतो. प्रत्येक तुकडा एकटा उभा राहून काहीतरी मागत असला पाहिजे.

उरुसासाठी मी यंदा जे लिहिलं ते तुझ्यासमोर उलगडून ठेवतो.

सोडुनी हे दार मी जाऊ कुठे
घेउनी हा भार मी जाऊ कुठे

चालता पायात काटे मोडले
थांबलो लाचार, मी जाऊ कुठे

सोयरे गेले, विझाले हे दिवे
दाटला अंधार, मी जाऊ कुठे

मागण्याजोगे न काही राहिले
तूच तू आधार, मी जाऊ कुठे

मात्रा मोजून बघ. गालगागा गालगागा गालगा, एकोणीस मात्रा. शेवटची मात्रा मोकळ्या 'ठे'वर पडते, त्यामुळे गाणाऱ्याला हवा तेवढा वेळ सूर धरता येतो. दार, भार, लाचार, अंधार, आधार हा काफिया. 'मी जाऊ कुठे' हा रदीफ. काफिया कानावर पडला की पुढचं काय ते ऐकणाऱ्याला आधीच कळतं आणि तो ते तुझ्याबरोबर म्हणतो. शिवाय ओळ प्रश्नाची आहे. प्रश्न कितीही वेळा विचारता येतो, कारण उत्तर आलेलं नसतं.

आता बैठकीत काय होतं ते ऐक. आधी पेटीवर नुसती धून. मग मुख्य गायक ठेक्याशिवाय एखादा दोहा म्हणतो. त्यानंतर टेक येते आणि तिच्याबरोबर ढोलक, तबला आणि टाळ्या. आम्ही आठ मात्रांचा केरवा धरला होता, अगदी सावकाश. पहिली दोन कडवी झाली की गिरह घालायची. गिरह म्हणजे टेकेला बाहेरून मारलेली गाठ: दुसऱ्याच छंदातल्या दोन ओळी, ठेका दबलेला असताना म्हटलेल्या, ज्यांच्या शेवटातून टेक आपोआप फुटते. माझी एक गिरह अशी होती:

कोणी म्हणतो रान धर तू, कोणी म्हणतो वाट धर
कपाळ माझे उंबऱ्यावर, ते उचलेना काही केल्या

उंबरा आला की दार येणारच. गायक इथे क्षणभर थांबतो. त्या थांब्यात समोरच्या लोकांनी आपणहून 'सोडुनी हे दार' उचललं तर गिरह बसली समज. ते गप्प राहिले तर ओळी कितीही चांगल्या असोत, गाठ सुटली. ती गिरह पुढच्या वेळी गाळायची. आणि दोन-तीन गिरह पुरे. चौथ्या-पाचव्या गिरहेपर्यंत माणसं टेक विसरून नव्या ओळींची वाट पाहू लागतात, आणि बैठक मुशायऱ्याकडे झुकते.

यापुढची तकरार मला सगळ्यात प्रिय आहे. तकरार म्हणजे एकच तुकडा पुन्हा पुन्हा घोळवणं. तिसऱ्या कडव्यानंतर आम्ही पूर्ण ओळ सोडली.

मी जाऊ कुठे, मी जाऊ कुठे
जाऊ कुठे, जाऊ कुठे
कुठे, कुठे, कुठे

पहिल्या तुकड्यात गाऱ्हाणं आहे, थकलेल्या माणसाचं. 'मी' गळाला की तोच प्रश्न हट्टाचा होतो: हलणारच नाही, जाऊ कुठे! आणि नुसतं 'कुठे' उरतं तेव्हा दारापलीकडे दुसरी जागाच शिल्लक राहत नाही. एक शब्द न बदलता गाऱ्हाणं शरणागतीत विरघळतं. तू टेक बांधशील तेव्हा शेवटी कोणता तुकडा उरणार हे आधी ठरव आणि मग मागे मागे येत ओळ लिही.

लयीचं सांभाळ. तुकडा लहान होतो तशी लय आपोआप चढल्यासारखी वाटते, म्हणून प्रत्यक्ष लय त्या मानाने थोडीच वाढवायची. तुमचे पखवाजवाले बुवा उत्साही आहेत, मला ठाऊक आहे. लोकांच्या टाळ्या ठेक्याच्या पुढे पळू लागल्या की लय लवकर चढली असं ओळखावं. तेव्हा ढोलक बंद ठेवून एकदा पूर्ण ओळ संथ म्हणायची आणि तिथून पुन्हा चढायचं.

आणखी एक. जाणत्या कव्वालांचा दंडक आहे की ऐकणाऱ्यांपैकी कुणाला हाल आला, म्हणजे भान हरपलं, तर ज्या शब्दावर तो आला तोच शब्द तो शांत होईपर्यंत गात राहायचा. पुढच्या कडव्याला हात लावायचा नाही. दिल्लीचे ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी १२३५ साली गेले, त्यांची हकीकत चिश्ती परंपरेत याच संदर्भात सांगतात. एका फारसी शेरावर त्यांना हाल आला. पहिल्या ओळीत समर्पणाच्या खंजिराने मारले गेलेल्यांचा उल्लेख होता, दुसरीत त्यांना क्षणोक्षणी अदृश्यातून नवा प्राण मिळतो असं होतं. पहिल्या ओळीला ते निष्प्राण व्हायचे आणि दुसरीला परत यायचे, म्हणून गाणारे तोच शेर गात राहिले. अशा बैठकीत आवर्तनं मोजायची नसतात, समोरच्या चेहऱ्यावर नजर ठेवायची असते. आमच्या मीरासाहेब दर्ग्यात, जिथे अब्दुल करीम खाँसाहेबांची मजार आहे, तिथे उरुसात बसलं की हे न सांगता समजतं.

तुझ्या तिसऱ्या कडव्यात 'हाक मारू मी कुणाला' असा तुकडा आहे. माझ्या मते तुझी टेक तीच आहे, तू ती कडव्यात दडवून ठेवली आहेस. 'कुणाला' हा शब्द एकटा घोळवून बघ, उरतो की नाही. गालगागा दोनदा भरतेच आहे. शेवटी एक गालगा जोडलास की माझ्याच चालीवर म्हणता येईल. चार-पाच जण जमवून, तबल्याशिवाय, नुसत्या टाळ्यांवर पाव तास म्हणा आणि काय होतं ते मला कळव. गिरह मात्र मंडळातल्या सगळ्यांना लिहायला सांग. शेतावरच्या माणसाला जी सुचेल ती आपल्याला सुचायची नाही. त्यातल्या बऱ्या वाटतील त्या पाठव, मी इथल्या ढोलकवाल्यांसोबत बसवून बघतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मिरजेचा मित्र