उलट डीएफटी: नुसतं ट्रान्सपोज करून भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या विज्ञान पुरवणीत डीएफटीवर, म्हणजे सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढणाऱ्या डिस्क्रीट फूरिए ट्रान्सफॉर्मवर, लेख आला, मराठीत हा विषय कुणी हातात घेतला याचा खूप आनंद झाला, मी इंजिनिअरिंगच्या मुलांना हाच विषय शिकवते त्यामुळे लेख लगेच वर्गात नेला. पण त्यात एक वाक्य चुकलंय आणि नेमकं तेच वाक्य मुलं पाठ करतील म्हणून हे पत्र. लेखात म्हटलंय की डीएफटीचं मॅट्रिक्स युनिटरी असतं, म्हणून उलट जायचं तर आडव्या ओळी उभ्या करायच्या, झालं. पहिला भाग बरोबर आहे (योग्य भागाकार केला असेल तर), दुसरा अर्धाच आहे, आणि जो अर्धा राहिला तोच सगळं काम करतो.

चार पॉइंटचं मॅट्रिक्स पूर्ण लिहूनच दाखवते. आम्ही इलेक्ट्रॉनिक्सवाले उणे एकच्या वर्गमुळाला j म्हणतो, तेच इथे घेतलंय.

```
            1   1   1   1
F = 1/2 ·   1  -j  -1   j
            1  -1   1  -1
            1   j  -1  -j
```

आता याच्या आडव्या ओळी उभ्या करून बघा. दुसरी आडवी ओळ 1, -j, -1, j आणि दुसरा उभा रकानाही तोच, बाकीच्यांचंही तसंच. म्हणजे हे मॅट्रिक्स सिमेट्रिक आहे, ट्रान्सपोज केलं की तेच परत हातात येतं, काहीच बदलत नाही. मग लेखाप्रमाणे F चं उलट F च झालं, आणि ते तसं नाहीये. खरं उलट मिळतं ते कॉन्जुगेट केल्यावर, म्हणजे प्रत्येक j च्या जागी -j आणि -j च्या जागी j:

```
               1   1   1   1
F⁻¹ = 1/2 ·    1   j  -1  -j
               1  -1   1  -1
               1  -j  -1   j
```

कॉन्जुगेट का लागतं ते दुसऱ्या ओळीवरून नीट समजतं. ती ओळ म्हणजे एक काटा दर पावलाला पाव फेरा घड्याळाच्या दिशेने फिरतोय, 1 वरून -j, मग -1, मग j. या ओळीचा स्वतःशीच गुणाकार कॉन्जुगेट न करता घेतला तर 1, -1, 1, -1 येतं आणि बेरीज शून्य, म्हणजे चारही जागी काहीतरी असलेल्या ओळीची लांबी शून्य, हे कसं चालेल! कॉन्जुगेट केलं की दुसरा काटा उलट्या दिशेने फिरतो, दोन्ही फेरे एकमेकांना कापतात, प्रत्येक जागी 1 उरतो आणि बेरीज 4 होते. तेच दुसऱ्या ओळीला चौथीच्या कॉन्जुगेटने गुणलं तर 1, -1, 1, -1, बेरीज शून्य, म्हणजे या दोन ओळी एकमेकींना काटकोनात. कुठल्याही दोन वेगळ्या ओळी घ्या, हेच येतं. लांबीचा वर्ग 4 म्हणून लांबी 2, म्हणून बाहेर 1/2, म्हणजे प्रत्येक ओळ एक लांबीची झाली आणि मॅट्रिक्स युनिटरी झालं.

आता एक उदाहरण हाताने करू. सिग्नल घेतला ५, २, १, ४.

```
F·x :  6,  2+j,  0,  2-j
```

पहिली संख्या चौघांच्या बेरजेची निम्मी. तिसरी 5-2+1-4, म्हणजे शून्य. दुसरी (5-2j-1+4j)/2, आणि चौथी तिचीच कॉन्जुगेट कारण सिग्नल रिअल आहे. सगळ्यात आधी एनर्जी तपासायची, सिग्नलची २५+४+१+१६ म्हणजे ४६ आणि इकडे ३६+५+०+५, तीही ४६. युनिटरी असण्याचा अर्थ एवढाच की लांबी बदलत नाही, हे जुळलं नाही तर पुढे जायचंच नाही.

परत येताना वरच्या कॉन्जुगेटवाल्या मॅट्रिक्सने गुणलं तर ५, २, १, ४ बरोबर परत येतं. आणि लेखात सांगितल्याप्रमाणे नुसतं ट्रान्सपोज घेतलं, म्हणजे F च दुसऱ्यांदा लावलं, तर येतं ५, ४, १, २! पहिली संख्या जागेवर, तिसरी जागेवर, दुसरी आणि चौथीची अदलाबदल. सिग्नल काळात उलटा झाला. परवा वर्गात एका मुलाच्या वहीत नेमकं हेच उत्तर होतं, त्याला वाटलं आपण आकडे लिहिताना जागा चुकवल्या, म्हणून त्याने शांतपणे खोडून ५, २, १, ४ लिहून टाकलं, मी पान उलटं धरून उजेडात बघितलं तेव्हा खोडलेलं दिसलं. त्याची वजाबाकी-बेरीज सगळी बरोबर होती, चुकलेली होती ती पद्धत, आणि ती त्याने लेखातून घेतलेली.

मग लेखातलं उदाहरण कसं बरोबर आलं? तिथे सिग्नल होता १, २, ३, २. यात दुसरी आणि चौथी संख्या सारखीच, अदलाबदल झाली तरी कळणार कसं. चुकीच्या पद्धतीने बरोबर उत्तर आलं आणि लेखकाला (तपासणाऱ्यालाही) संशय आला नाही. म्हणून माझं मुलांना सांगणं असतं की उलट डीएफटी तपासायला कधीही सिमेट्रिक सिग्नल घेऊ नका, चारही आकडे वेगळे घ्या.

आणखी एक, ते 1/2. आपल्या बहुतेक पुस्तकांत आणि परीक्षेत जाताना काहीच भागत नाहीत आणि येताना 4 ने भागतात, म्हणजे 1/4 ने गुणतात, म्हणून वरच्याच सिग्नलचं उत्तर तिथे 12, 4+2j, 0, 4-2j असं येईल. तेही बरोबरच आहे, पण ते मॅट्रिक्स युनिटरी नाही, एनर्जी १८४ येते, चौपट. तोच 1/4 दोन्हीकडे सारखा, म्हणजे 1/2 गुणिले 1/2 असा, वाटला की युनिटरी. लेखात मॅट्रिक्स पुस्तकातलं बिनभागाकाराचं छापलंय आणि खाली त्याला युनिटरी म्हटलंय, तेही दुरुस्त करावं. कॉम्प्युटरवर करणाऱ्यांचीही इथेच फसगत होते, कारण पायथनमध्ये `.T` फक्त ट्रान्सपोज करतं, मॅटलॅबमध्ये मात्र `F'` म्हटलं की कॉन्जुगेट आपोआप होतं. एकीकडचा प्रोग्रॅम दुसरीकडे उतरवताना सिग्नल उलटा होतो आणि एरर काहीच येत नाही.

```
import numpy as np
x = np.array([5, 2, 1, 4])
X = np.fft.fft(x, norm="ortho")
F = np.fft.fft(np.eye(4), norm="ortho")
F.T @ X          # 5 4 1 2
F.conj().T @ X   # 5 2 1 4
```

(शून्याच्या जागी कधी कधी अगदी बारीक दशांश दिसतात, ते राउंडिंगचे, त्याने घाबरायचं नाही.)

दुरुस्ती छापाल तेव्हा कृपया दोन्ही मॅट्रिक्स शेजारी शेजारी छापा, आणि उदाहरणातला १, २, ३, २ बदलून ५, २, १, ४ घ्या.

आपली,
एक वाचक आणि शिक्षिका